विनोद कुठे संपवावा

दिवाळी अंकासाठी किंवा रविवारच्या पुरवणीसाठी आलेले विनोदी लेख तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. कल्पना चांगली असते, लेखकाला तिच्यातली गंमत नेमकी कळलेली असते, आणि तरी वाक्य वाचून कुणाला हसू येत नाही. तेच वाक्य लेखकाने समोर बसून सांगितलं असतं तर बैठक हसली असती. सांगताना तो योग्य जागी थांबला असता, त्याने भुवई किंचित उचलली असती, शेवटचा शब्द आवाज उतरवून म्हटला असता. कागदावर यातलं काही येत नाही. तिथे शब्द, त्यांचा क्रम आणि विरामचिन्हं एवढंच हाताशी असतं. थांबण्याचं, भुवईचं आणि आवाजाचं काम पुनर्लेखनात या तिघांकडून करून घ्यावं लागतं. ते कसं, हे पाहण्यासाठी एकच वाक्य घेऊ आणि तेच शेवटपर्यंत दुरुस्त करत जाऊ.

"आमच्या गल्लीतला रस्ता इतका वाईट बनवला होता की उद्घाटनाच्या वेळी वाटलेले पेढेसुद्धा त्या रस्त्यापेक्षा जास्त दिवस टिकले, कारण तो रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला!!!"

सर्वांत आधी या वाक्यात विनोद आहे की नाही, हे पाहायचं. आहे. रस्ता आणि पेढे यांची टिकाऊपणात तुलना होईल असं आपल्या मनात येत नाही. इथे ती होते आणि रस्ता हरतो. दोन लांबच्या गोष्टी अशा अचानक एकमेकींना भिडल्या असतील तरच पुढच्या दुरुस्तीला अर्थ आहे. "आमच्या गल्लीतला रस्ता म्हणजे निव्वळ विनोद झालाय" या वाक्यात असं काहीच भिडत नाही. तिथे नुसता राग आहे. त्याला कितीही उद्गारचिन्हं लावली तरी तो रागच राहील. असं वाक्य दुरुस्त करत बसू नये, काढून टाकावं.

आता आपल्या वाक्याकडे येऊ. "इतका वाईट बनवला होता की" या सुरुवातीनेच निम्मं नुकसान झालेलं आहे. रस्ता वाईट आहे हा निकाल वाचकाने काढायचा होता, तो लेखकाने पहिल्याच झटक्यात देऊन टाकला. शिवाय "इतका… की" ही रचना ऐकली की पुढे अतिशयोक्ती येणार हे मराठी वाचकाला पाठ आहे, त्यामुळे तो आधीच सावरून बसतो. दुसरं नुकसान शेपटीत आहे. पेढे जास्त दिवस टिकले इथे विनोद झाला, आणि त्यानंतर "कारण…" म्हणून लेखक समजावून सांगू लागला. वाचक हसणार तेवढ्यात त्याच्यापुढे नवी माहिती आली. ती वाचायला तो वळतो आणि हसणं राहून जातं.

म्हणजे लागणारी माहिती वाक्यात आहे, पण चुकीच्या जागी आहे. विनोद कळायला जे जे ठाऊक असावं लागतं ते सगळं आधी यायला हवं, आणि ज्या शब्दावर विनोद कळतो तो शब्द शेवटी. पावसाला पुढे आणू आणि निकाल काढून टाकू:

"आमच्या गल्लीतला रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला. उद्घाटनाला वाटलेले पेढे त्यापेक्षा जास्त दिवस टिकले."

बरंच सुधारलं. मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येतं. विनोदी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयही आहे आणि अडचणही. जेव्हा गंमत क्रियेत असते तेव्हा सोय. "उद्घाटनाला वाटलेले पेढे त्यापेक्षा जास्त दिवस…" इथपर्यंत वाचकाला काय होणार ते कळत नाही, आणि "टिकले" आल्यावर सगळं एकदम जुळतं. पण गंमत एखाद्या नामात असते तेव्हा तेच क्रियापद आडवं येतं. समजा पेढ्यांचा उल्लेखच शेवटी व्हायला हवा असेल, तर "रस्त्यापेक्षा पेढे जास्त टिकले" यात पेढे मध्येच उघडे पडतात आणि "जास्त टिकले" हे दोन शब्द मागून रेंगाळत येतात. अशा वेळी आपल्या बोलण्यातली एक साधी रचना उपयोगी पडते: "जास्त टिकले ते पेढे." क्रियापद आधी, मग "ते", आणि शेवटी नाम. गावाकडे गोष्ट सांगणारा माणूस हे सहज करतो: "पळाला तो थेट मामाच्या गावाला." वाक्य लिहून झालं की गंमत नेमकी कोणत्या शब्दात आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या शब्दानंतर काय काय उरलंय ते पाहावं. मागे जे उरतं ते बहुतेक वेळा पुढे नेता येतं किंवा गाळता येतं.

तरीही आपल्या वाक्यात अजून एक कच्चा दुवा आहे. पेढे आणि त्यांचं टिकणं, दोन्ही एकाच वाक्यात येतं. "उद्घाटनाला वाटलेले पेढे" असं विशेषण लावून त्यांची ओळखही तिथेच करून द्यावी लागते, आणि विनोदाच्या वाक्यावर हे ओझं नको. ज्या वस्तूवर विनोद संपायचा ती आधी एकदा सहज, दुर्लक्ष व्हावं इतक्या साधेपणाने येऊन गेलेली असावी. मग परत येताना तिला ओळखीची गरज पडत नाही. म्हणून उद्घाटन वेगळं काढू:

"मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या रस्त्याचं उद्घाटन झालं. नारळ फोडला, घरोघर पेढे वाटले. चौथ्या दिवशी वळवाची एक सर आली. रस्ता वाहून गेला, पेढे अजून आहेत."

इथे पेढे पहिल्यांदा येतात तेव्हा ते नारळाच्या शेजारी, समारंभाचा भाग म्हणून येतात. कुणी त्यांच्याकडे संशयाने पाहत नाही. नारळ तिथे ठेवण्याचं कारणही तेच. पेढे एकटे आले असते तर वाचकाने ते लक्षात ठेवले असते.

आता शेवटचं वाक्य. "रस्ता वाहून गेला" हे लिहायला हवं का? उद्घाटन झालं, पेढे वाटले, सर आली, पेढे अजून आहेत. एवढ्यावरून काय अजून नाही ते कुणालाही कळेल. ते वाचकालाच काढू द्यावं:

"मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या रस्त्याचं उद्घाटन झालं. नारळ फोडला, घरोघर पेढे वाटले. चौथ्या दिवशी वळवाची एक सर आली. पेढे अजून आहेत."

माझ्या मते हे वाक्य इथे पुरं झालं. वाचक शेवटच्या तीन शब्दांवर येतो, क्षणभर अडखळतो, रस्त्याचं काय झालं ते त्याचं त्यालाच कळतं, आणि त्या कळण्यात हसू आहे. रंगमंचावरचा नट जो थांबा घेतो तो इथे गाळलेल्या वाक्याच्या जागी तयार झाला आहे. गाळण्याला मर्यादा मात्र आहे. पावसाचं वाक्यही काढलं तर पेढे अजून का आहेत याचा कशाशीच संबंध लागणार नाही. वाचकाला एका पायरीची उडी मारायला लावावी, दोन पायऱ्यांची लावू नये.

या मसुद्यातले लहान निर्णय अधिक सावकाश पाहण्यासारखे आहेत. पाऊस चौथ्या दिवशी का? खव्याचे पेढे मे महिन्याच्या उकाड्यात फार दिवस राहत नाहीत. पंधराव्या दिवशी पाऊस आणला असता तर "पेढे अजून आहेत" या वाक्यावर घरात पेढे करणारी किंवा विकत आणणारी कुणीही व्यक्ती अडली असती, आणि अडलेला वाचक हसत नाही. विनोदातला खोटेपणा एकाच जागी चालतो. बाकी सगळं तंतोतंत खरं वाटावं लागतं. "मुसळधार पाऊस" न लिहिता "वळवाची एक सर" लिहिलं, कारण मुसळधार पावसात चांगला रस्ताही वाहून जाईल. सर जितकी लहान तितका कंत्राटदाराचा दोष मोठा. हा दोष कुठेही लिहिलेला नाही, तो "एक" या शब्दात आहे.

शेवटी "पेढे अजून फ्रिजमध्ये आहेत" असं लिहिण्याचा मोह होतो, कारण चित्र अधिक स्पष्ट होतं. पण फ्रिज आला की पेढे का टिकले याला कारण मिळतं, आणि कारण मिळाल्यावर तुलना ढिली पडते. "पेढे अजून शिल्लक आहेत" हेही चालेल, पण "शिल्लक" म्हटलं की मनात हिशेब येतो, किती उरले हा प्रश्न येतो. "आहेत" मध्ये नुसतं अस्तित्व आहे, आणि रस्त्याला नेमकं तेच नाही. मूळ वाक्यातलं "पेढेसुद्धा" हे "सुद्धा" तर पहिल्याच वाचनात जायला हवं होतं. "सुद्धा", "चक्क" आणि "अहो" हे शब्द लेखक विनोदाच्या आधी वाचकाला कोपराने ढोसतो त्या ढोसण्यासारखे आहेत.

उपरोधाची गोष्ट थोडी वेगळी. विनोदात दोन गोष्टी एकमेकींना भिडतात. उपरोधात लेखक एक बोलतो आणि वाचकाने उलटं समजायचं असतं. त्यामुळे इथे धोका दुहेरी आहे. खूण कमी पडली तर वाचक शब्दशः घेतो, जास्त झाली तर उपरोध उरत नाही, नुसती टोचणी उरते. त्याच लेखातलं हे वाक्य पाहा:

"यावरून आपली पालिका किती 'कार्यक्षम' आहे हे दिसून येतं!"

"कार्यक्षम" भोवतीची एकेरी अवतरणचिन्हं म्हणजे लेखकाने केलेली खाणाखूण. उद्गारचिन्ह ही दुसरी. "किती" ही तिसरी. तिन्ही काढल्या तर "आपली पालिका कार्यक्षम आहे" एवढंच उरतं, आणि ते इतकं मोघम आहे की त्यात ना स्तुती ना निंदा. उपाय असा, की मोघम स्तुती सोडून अगदी नेमकी, पण अपुरी स्तुती करायची. उद्घाटनाच्या रस्त्यावर एक कोनशिला असतेच. त्यावर नगरसेवकांपासून सगळ्यांची नावं असतात.

"पालिकेचं काम पक्कं असतं हे मान्य करायला हवं. कोनशिला जागची हललेली नाही."

दोन्ही वाक्यं सरळ वाचली तर खरी आहेत. कुठेही अवतरणचिन्ह नाही, उद्गार नाही. उपरोध कळतो तो आधी पेढ्यांचं वाक्य वाचून झालेलं असल्यामुळे. उपरोधाची खूण वाक्याच्या आत ठेवण्यापेक्षा त्याच्या आधी, वस्तुस्थितीत ठेवावी. रस्त्याचं काय झालं हे ठाऊक नसलेल्या माणसाला हेच वाक्य सुटं पाठवलं तर तो ते खरं मानेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

मराठीत उपरोधाची काही हत्यारं भाषेतच आहेत आणि ती कागदावरही तेवढीच चालतात. "म्हणे" हे त्यातलं सर्वांत धारदार. "रस्ता म्हणे दहा वर्षं टिकणार होता" यात संशय दुसऱ्याच शब्दाला येतो आणि पुढची दहा वर्षं वाचक त्या संशयानेच वाचतो. "रस्ता दहा वर्षं टिकणार होता, म्हणे." यात आश्वासन आधी पूर्ण, गंभीरपणे ऐकू येतं आणि शेवटच्या शब्दावर कोसळतं. पहिलं वाक्य कुजबुजीच्या सुरातलं आहे, दुसरं फटक्याचं. दुसऱ्यात "म्हणे"आधीचा स्वल्पविराम महत्त्वाचा आहे. तो काढला तर शब्द वाक्यात विरघळून जातो.

दुसरं हत्यार आदराचं. जेवणं आटोपल्यावर घरी आलेल्या मुलाला आई "आलास?" म्हणाली तर तो प्रश्न आहे. "आलात? या." म्हणाली तर मुलगा जागीच थबकतो. ज्याला जन्मभर अरे-तुरे केलं त्याला अहो-जाहो केलं की बाकी काही बोलावं लागत नाही. हा संवाद लिहिताना नवखे लेखक पुढे "आई उपरोधाने म्हणाली" असं जोडतात. "आलात" वाचल्यावर ते कुणालाही कळलेलं असतं, म्हणून ते जोडलेलं वाक्य उडवावं. याच प्रकारात सरकारी भाषाही येते. "सदर खड्डा" यातला "सदर" पुरतो. पण "सदर खड्ड्याचे अवलोकनार्थ साहेबांचे शुभागमन झाले" असं लिहिलं की प्रत्येक शब्द हसवायला धडपडतो आणि एकही हसवत नाही. साध्या वाक्यात एक जड शब्द ठेवावा: "सदर खड्डा पाहायला साहेब आले." बाकीचं वाक्य जितकं साधं, तितका तो एक शब्द वेगळा दिसतो.

विरामचिन्हांचा विचार मी मुद्दाम शेवटी करतो. मोडीतल्या जुन्या पत्रव्यवहारात शब्दही सुटे लिहिलेले नसत आणि आजची विरामचिन्हंही नव्हती. ती 19व्या शतकात छापील पुस्तकांबरोबर मराठीत रुळली आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या कामात त्यांचे सहकारी होते तेच हे कँडी. त्याच्या कितीतरी आधीपासून "च", "तर", "की", "ना", "म्हणे", "हो" हे शब्द आपल्याकडे आवाजाचे चढउतार वाहून नेत आले आहेत. म्हणून शब्द आणि क्रम नीट बसल्यावर विरामचिन्हांना थोडंच काम उरतं, पण ते थोडं काम अचूक व्हायला हवं.

त्यात पूर्णविराम सगळ्यांत कामाचा. त्याच मुलाचा प्रसंग घेऊ. "वेळेवर आलास!" वाचून वाटतं की आईला आनंद झाला आहे. "वेळेवर आलास…" यात ती थकलेली किंवा दुखावलेली वाटते. "वेळेवर आलास." यात तिचा चेहरा दिसत नाही, आणि उपरोधाला हा न दिसणारा चेहराच हवा असतो. "आलास. वेळेवर." असं तोडलं तर प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो, पण हे तोडणं एका पानावर एकदाच शोभतं. हीच युक्ती परत दिसली की वाचक ती ओळखतो, आणि ओळखलेला थांबा हा थांबा राहत नाही.

तीन टिंबांवर माझा सर्वांत कमी विश्वास आहे. लेखक ती विनोदाच्या शब्दाआधी ठेवतात: "रस्ता गेला, पण उरले ते… पेढे!" सांगताना इथे थांबणं बरोबर असतं, कारण ऐकणाऱ्याला पुढचा शब्द दिसत नसतो. वाचणाऱ्याला टिंबांच्या पलीकडचा शब्द त्याच नजरेत दिसतो, त्यामुळे थांबा होत नाही, फक्त सूचना होते. खरा थांबा हवा असेल तर तो शब्दांनीच निर्माण करावा. शेवटच्या वाक्याआधी एक निरुपद्रवी, माहितीचं वाक्य घालावं. वळवाच्या सरीचं वाक्य तेच काम करतं. त्याहून लांब थांबा हवा असेल तर नवा परिच्छेद करावा. अपसारणचिन्हाचा, म्हणजे लांब आडव्या रेघेचा, उपयोग मध्येच मोडलेल्या बोलण्याला चांगला होतो. विनोदाआधी ती घातली तर टिंबांसारखीच चहाडी करते.

वाक्य बसलं की नाही हे कसं ओळखायचं? शेवटचं वाक्य हाताने झाकावं आणि मजकूर ठाऊक नसलेल्या माणसाला आधीचं वाचायला द्यावं. त्याने शेवट अचूक ओळखला तर आधी कुठेतरी गुपित फुटलं आहे, बहुधा एखाद्या विशेषणात. हात काढल्यावर त्याने "मग?" विचारलं तर एक दुवा जास्तच गाळला गेला आहे. तो वाक्य संपण्याआधीच हसला तर तो जिथे हसला तिथेच पूर्णविराम द्यावा, पुढचं कितीही आवडतं असलं तरी. आणि तो हसण्याऐवजी "बरोबर आहे" म्हणत मान डोलावू लागला, तर तुमच्या हातात विनोद नसून तक्रार आहे. ती तक्रार म्हणूनच नीट लिहावी.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांचे कथाकथनाचे कार्यक्रम ज्यांनी ऐकले त्यांना श्रोत्यांचं हसू ओसरेपर्यंत थांबून मग पुढचं वाक्य बोलणं म्हणजे काय ते माहीत आहे. लेखकाला वाचकाचं हसू ऐकू येत नाही. म्हणून हसण्याच्या वाक्यानंतर लगेच महत्त्वाचं काही लिहू नये. पेढ्यांच्या वाक्याला चिकटून निविदेची रक्कम आली तर ती वाचलीच जाणार नाही. मध्ये एखादं हलकं वाक्य जाऊ द्यावं किंवा परिच्छेद संपवावा, आणि मग रकमेकडे यावं.

राहिलं शीर्षक, आणि तिथे लेखकाइतकाच संपादकही जबाबदार असतो. एवढं जपून आणलेलं वाक्य "रस्ता गेला, पेढे उरले!" अशा मथळ्याखाली छापलं की वाचकाला शेवट पहिल्याच ओळीत कळतो आणि पुढचे चार परिच्छेद तो ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट पाहत वाचतो. मधल्या चौकटीत लेखातलं वाक्य मोठ्या टायपात उचलून टाकण्याची पद्धत आहे. विनोदी लेखात तिथे उद्घाटनाचं वाक्य घ्यावं, शेवटचं घेऊ नये. व्यंगचित्रकाराला लेख देतानाही हे स्पष्ट सांगावं. नारळ, फीत, हार घातलेले पाहुणे आणि गुळगुळीत काळा रस्ता त्याने हवा तेवढा रंगवावा. पेढ्यांचं ताट काढायचंच असेल तर ते गर्दीत मागे कुणाच्या तरी हातात, सहज नजर जाणार नाही असं काढावं.